वर्गात तेच गृहस्थ नेहमी माझ्याच शेजारी बसतात. यावरून काय समजावे?

रानजाई
नाशिकला गंगापूर रोडवर दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळात भरणाऱ्या जर्मन भाषेच्या वर्गाला मी जाते. नोकरी सातपूरला आहे आणि कंपनीतली सुट्टी झाली की थेट वर्गाला पोहोचते. वर्गात आम्ही चौदा जण आहोत आणि खुर्च्या वीस आहेत, चार-चारच्या पाच रांगांमध्ये. रांगेचे डावे टोक भिंतीला टेकलेले आहे आणि ये-जा करण्याची वाट उजवीकडून आहे. मी पहिल्या दिवसापासून तिसऱ्या रांगेत, भिंतीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसते.

आजवर अकरा तास झाले. त्यांपैकी नऊ तासांना एक गृहस्थ माझ्याच शेजारी बसले. वयाने माझ्याएवढेच असतील. बोलणे बेताचे, वागणे सभ्य. वर्गात इतरत्र भरपूर जागा रिकामी असते, तरीही ते येतात, मला उठायला लावून पलीकडे जातात आणि बसतात. मला त्याचा त्रास होत नाही, पण मन त्याचा अर्थ लावू पाहते. उगाच काही गृहीत धरून त्यांच्यावर अन्याय करायचा नाही आणि स्वतःची फसवणूकही करून घ्यायची नाही. बसण्याच्या सवयीवरून खरोखर काही कळते का?

मधुघट
ताई, नऊ वेळा उठायला लावणारा माणूस उगाच येत नसतो. त्यांना तुम्ही आवडता, एवढे सरळ आहे.

सातपूरकर
मधुघट यांच्याशी मी सहमत आहे, पण कारण वेगळे सांगतो. आमच्या कंपनीत संवादकौशल्याचे प्रशिक्षण झाले होते. त्यात सांगितले होते की जो समोर बसतो तो विरोधक, जो शेजारी बसतो तो मित्र आणि जो कोपऱ्याला बसतो तो तटस्थ. तेव्हापासून मी बैठकीत हे पाहत आलो आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघते. आमच्या सोमवारच्या बैठकीत खरेदी विभागाचे साहेब आणि उत्पादन विभागाचे साहेब कायम समोरासमोर बसतात आणि कायम भांडतात.

जुना_वाचक
मी सार्वजनिक वाचनालयात अनेक वर्षे जात आहे. १८४० साली स्थापन झालेली ही संस्था आहे आणि तिथे येणाऱ्या आम्हा ज्येष्ठांच्या सवयीही जवळजवळ तितक्याच जुन्या असाव्यात असे वाटते. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी माझी एक खुर्ची ठरलेली आहे. तिच्यावर माझे नाव नाही, तरीही एखादा नवीन मुलगा तिथे बसलेला दिसला की माझा पाय क्षणभर अडखळतो. माझ्या डाव्या हाताला एक गृहस्थ रोज बसायचे. त्यांचे नाव मला चार वर्षांनी कळले. मी त्यांच्या शेजारी बसत नव्हतो आणि ते माझ्या शेजारी बसत नव्हते. आम्ही दोघेही आपापल्या खुर्चीवर बसत होतो. रानजाईताईंनी ही शक्यता जरूर ध्यानात घ्यावी.

केतकी_३
माझा अनुभव यापेक्षा कडवट आहे, तरी लिहिते. आधीच्या नोकरीत एक सहकारी प्रत्येक बैठकीत माझ्याशेजारी बसायचा. मी जागा बदलली की तोही बदलायचा. मी मुद्दाम दोन मैत्रिणींच्या मध्ये बसू लागले, तर तो त्यांच्यापैकी एकीला उठायला सांगायचा. खुर्ची इतकी जवळ ओढायचा की लिहिताना माझे कोपर त्याला लागायचे. मी सहा आठवडे गप्प राहिले, कारण 'तो शेजारी बसतो' ही तक्रार ऐकायला क्षुल्लक वाटते. शेवटी तारीखवार टिपण करून अंतर्गत समितीकडे दिले, तेव्हा त्याची दखल घेतली गेली. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार ही समिती असावीच लागते आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. म्हणून सांगते की टिपण ठेवा.

रानजाई
केतकी, हे वाचून फार वाईट वाटले आणि आपण लिहिलेत हे बरे केलेत. माझ्या बाबतीत तसे काहीच नाही. ते खुर्ची ओढत नाहीत, अंगचटीला येत नाहीत. उलट मी उठले की दरवेळी 'सॉरी हं' म्हणतात.

अनुबंध
मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सातपूरकर म्हणतात त्याला आधार आहे, पण तो अर्धाच आहे. अमेरिकेत रॉबर्ट सॉमर यांनी विद्यार्थ्यांना टेबलाचे नकाशे दाखवून विचारले होते की अमुक काम करायचे असेल तर तुम्ही कुठे बसाल. गप्पांसाठी बहुतेकांनी टेबलाचा कोपरा मध्ये येईल अशा किंवा समोरासमोरच्या दोन जागा निवडल्या, मिळून काम करायचे तर शेजारची आणि स्पर्धा असेल तर समोरची. मात्र हे 'काम ठरले की जागा कशी निवडतात' याचे उत्तर आहे. जागा पाहून माणसाचे मन ओळखता येते, असे त्यातून निघत नाही. आपल्या दोन साहेबांचे भांडण आधीपासून असेल आणि समोरची खुर्ची नंतर आली असेल. किंवा ते समोरासमोर बसतात म्हणूनच एकमेकांना जास्त उत्तरे देत असतील. गोलाकार बसलेल्या गटात माणूस शेजाऱ्यापेक्षा समोरच्याच्या बोलण्यावर अधिक बोलतो, हे स्टाइन्झर यांनी १९५० सालीच दाखवले होते. कारण साधे आहे, समोरचा चेहरा सतत दिसतो आणि शेजारचा मान वळवल्याशिवाय दिसत नाही.

याच कारणाने मधुघट यांच्या अनुमानाबद्दलही मला शंका आहे. ज्याला तुमच्याशी बोलायचे आहे, तुमच्याकडे पाहायचे आहे, त्याला वर्गात शेजारची खुर्ची फारशी उपयोगाची नसते. मात्र लाजाळू माणसाला तीच सोयीची वाटते, कारण नजर द्यावी न लागता जवळ बसता येते. म्हणजे एकाच खुर्चीचे दोन उलटे अर्थ निघतात. म्हणून खुर्चीकडे पाहू नये, निवडीकडे पाहावे.

रानजाई, मला तीन गोष्टी सांगा. आधी कोण येते? नऊ वेळा ते तुमच्या कोणत्या बाजूला बसले? आणि त्या वेळी दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती का?

रानजाई
मी पाच-दहा मिनिटे आधी पोहोचते, ते बरोबर पाचला येतात. नऊही वेळा ते भिंतीकडच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या डावीकडे बसले. उजवीकडची खुर्ची, आता आठवून पाहते तर, बहुतेक वेळा रिकामीच होती. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आणि राहिलेल्या दोन दिवशी ते आलेच नव्हते.

अनुबंध
मग यात दोन गोष्टी आहेत. ते येतात तेव्हा साधारण दहा खुर्च्या रिकाम्या असतात असे धरू. त्यांतल्या दोन तुमच्या शेजारच्या. त्यांनी डोळे मिटून खुर्ची निवडली असती तर पाच वेळांत एकदा तुमच्याशेजारी आले असते, म्हणजे नऊ तासांत साधारण दोनदा. ते नऊच्या नऊ वेळा आले, तेव्हा हा योगायोग नाही, एवढे नक्की.

पण त्यांना तुमच्याशेजारी बसायचे असते, तर उजवीकडची खुर्ची अधिक सोपी होती. ती वाटेकडची आहे, तिथे बसायला तुम्हाला उठवावे लागत नाही. नऊपैकी दोन-तीन वेळा तरी त्यांनी ती घेतली असती. ते तुम्हाला उठवून, क्षमा मागून, भिंतीकडेच जातात. म्हणजे त्यांची निवड बहुधा त्या खुर्चीची आहे आणि तुम्ही त्या खुर्चीच्या वाटेत बसता.

मधुघट
किंवा मुद्दाम उठवण्यासाठी भिंतीकडे जातात, म्हणजे दोन शब्द तरी बोलता येतात. हेही होऊ शकते ना?

अनुबंध
होऊ शकते. म्हणूनच अंदाजावर थांबू नये. रानजाई, जमल्यास तीन-चार शनिवार तुम्ही जागा बदलून पाहा आणि ते काय करतात एवढेच टिपा. आपण हललो की कोणती गोष्ट त्यांच्यासोबत राहते, खुर्ची की माणूस, हे पाहिल्याशिवाय दोन्ही शक्यता वेगळ्या होत नाहीत.

पायवाट
आणखी एक शक्यता सांगतो. मला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. कोणत्याही खोलीत मी डावीकडची भिंत धरतो, म्हणजे सगळी माणसे माझ्या चांगल्या कानाकडे येतात. लग्नाच्या पंगतीतही मी डाव्या टोकाला असतो. माझ्या मित्रांना वाटायचे की मला एकाकी बसायला आवडते. हे मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितले की लोक ओरडून बोलायला लागतात. त्या गृहस्थांचे असे काही असेल तर ते आपणहून सांगणार नाहीत.

दिंडोरीची_बाई
मी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. प्रश्न थोडा वेगळा आहे याची कल्पना आहे, पण पायवाट यांचे वाचून राहवले नाही. चौथीच्या वर्गात एक मुलगी एकाच मैत्रिणीला चिकटून असायची. मैत्रीण गैरहजर असली की ही रडायची. मी तिला 'सारखं तिच्याजवळच काय बसायचं' म्हणून दोनदा बाक बदलून दिला आणि दोन्ही वेळा तिचा अभ्यास बिघडला. पुढे एक दिवस मी तिच्या मागे उभी राहून पाहिले. ती फळ्याकडे बघतच नव्हती. ती मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेत होती, कारण त्या मैत्रिणीचे अक्षर मोठे आणि टपोरे होते. डोळे तपासल्यावर चष्मा लागला. चष्मा आल्यावर पंधरा दिवसांत ती स्वतःहून दुसऱ्या बाकावर बसू लागली. त्या दोन वेळच्या बाक बदलण्याचे मला अजून वाईट वाटते.

सातपूरकर
बाई, हा अनुभव मनाला लागला. प्रशिक्षणात आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते.

रानजाई
सर्वांचे आभार. दिंडोरीच्या बाई, प्रश्न वेगळा नाही, उलट मला तो तुमच्यामुळे नीट समजला. मी चार शनिवार पाहून लिहिते.

जुना_वाचक
तोवर एक विचारतो. अनुबंधताई, समजा कोणी केवळ सवयीने शेजारी बसत राहिला, तर पुढे ओळख, स्नेह होतो का? माझ्या त्या शेजाऱ्यांशी झाला. ते गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो होतो आणि त्यांच्या पत्नीने मला नावाने ओळखले.

अनुबंध
काका, होतो, आणि याचे पुरावे चांगले आहेत. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात पोलीस प्रशिक्षणार्थींना आडनावाच्या अक्षरक्रमाने वर्गात बसवत आणि खोल्याही तशाच देत. मॅडी सेगल यांनी १९७४ साली दाखवले की त्यांची मैत्री आडनावाच्या क्रमात जवळ असलेल्यांशीच अधिक झाली. त्यात कोणाची निवड नव्हती. जर्मनीतही २००८ साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या होत्या. वर्षभरानंतर पाहिले तर त्या दिवशी जे शेजारी होते त्यांच्यात मैत्री अधिक होती.

म्हणून 'आवडते म्हणून शेजारी बसतो' हे जितके खरे असू शकते, तितकेच 'शेजारी बसला म्हणून आवडू लागले' हेही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मात्र आधीच नकोसा झालेला माणूस शेजारी बसत राहिला तर सहवासाने तो आवडू लागतो असे नाही. केतकी यांचा अनुभव डोळ्यांपुढे आहेच.

केतकी_३
हे शेवटचे वाक्य लिहिलेत त्याबद्दल आभार. 'सवय झाली की काही वाटणार नाही' असे मला त्या वेळी तीन जणांनी सांगितले होते.

रानजाई
चार शनिवार झाले. पाहिले तसे लिहिते.

पहिल्या शनिवारी मी त्याच रांगेत पण वाटेकडच्या टोकाला बसले. ते आले, भिंतीकडच्या खुर्चीवर गेले. आमच्यामध्ये दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि वही काढली.

दुसऱ्या शनिवारी मी पहिल्या रांगेत बसले. ते तिसऱ्या रांगेत, भिंतीकडे. मध्यंतरात चहा घेताना मात्र येऊन म्हणाले, "आज पुढे?" मी म्हणाले, "फळा नीट दिसत नव्हता." खोटे बोलले याचे वाईट वाटले.

तिसऱ्या शनिवारी वाटेत बस अडकली आणि मला वीस मिनिटे उशीर झाला. ते भिंतीकडे बसलेले होते आणि त्यांची बॅग माझ्या नेहमीच्या खुर्चीवर होती. मला पाहताच त्यांनी ती उचलून पायाशी ठेवली. त्या रांगेत आणखी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी बॅग ठेवलेल्या खुर्चीवरच बसले.

चौथ्याविषयी रात्री लिहिते.

मधुघट
बॅग! आता तरी माझे म्हणणे मान्य करा.

सातपूरकर
बॅग मीही शेजारच्या खुर्चीवर ठेवतो. कोणी आले की उचलतो. मधल्या काळात दुसरे कोणी बसायला आले होते का आणि त्यांनी नकार दिला का, हे कळल्याशिवाय ती जागा राखली होती असे म्हणता येणार नाही.

अनुबंध
सातपूरकर, अगदी नेमका प्रश्न. पहिले दोन शनिवार खुर्चीच्या बाजूने साक्ष देतात. तिसरा दोन्हीकडे झुकतो.

जुना_वाचक
मला वाटते, एकदा त्या खुर्चीवर स्वतः बसून पाहावे. खुर्चीचे गुण बसल्याशिवाय कळत नाहीत. माझ्या खुर्चीवर सकाळी दहानंतर मागून उजेड येतो आणि बारीक अक्षर वाचता येते. समोरून बघणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

रानजाई
काका, तुमची सूचना आत्ता वाचली, पण चौथ्या शनिवारी मी नेमके तेच केले होते. मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. बसल्यावर पहिल्यांदा कळले की गुडघ्याच्या उंचीवर, खुर्चीच्या पायाआड, भिंतीत एक प्लग आहे. वर्गात दुसरा प्लग फक्त सरांच्या टेबलाजवळ आहे. या प्लगभोवतीचा भिंतीचा रंग हात लागून लागून काळपट झाला आहे. मी अकरा तास त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि मला तो दिसला नव्हता.

ते पाचला आले. रांगेच्या तोंडाशी क्षणभर थांबले. पूर्ण वर्गात नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या, मी मोजल्या होत्या. ते माझ्या शेजारच्या, म्हणजे माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि चार्जर पुढे करून म्हणाले, "एवढा लावून देता का?" मी लावून दिला. ते सिन्नरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतात आणि बसने येतात. पहाटे पाचला घरून निघालेल्या माणसाचा फोन संध्याकाळी पाचला बंद पडलेला असतो.

पायवाट, तुमच्या शक्यतेकडेही मी लक्ष ठेवले होते. त्या दिवशी मी त्यांच्या डाव्या हाताला होते आणि मी हळू आवाजात बोलले तरी त्यांना नीट ऐकू येत होते. त्यामुळे ते कारण नसावे.

पायवाट
बरे झाले. त्यांच्यासाठी आनंद वाटला.

सातपूरकर
म्हणजे प्रश्न सुटला. प्लग.

मधुघट
कसा सुटला? चार्जर लावायला माणूस क्षणभर वाकतो आणि निघून दुसरीकडे बसतो. फोन रानजाईताईंच्या पायाशी ठेवून ते मागच्या रांगेत बसू शकले असते.

सातपूरकर
अनोळखी माणसाच्या पायाशी कोण फोन ठेवून जातो? मी तर फोन चार्जिंगला असला की त्याच्यावरून नजर काढत नाही.

अनुबंध
प्लगने नऊ तासांचा उलगडा होतो, पहिल्या दोन शनिवारांचाही होतो. चौथ्या शनिवारी ते तारेच्या लांबीत बसले, असेही म्हणता येईल. तिसऱ्या शनिवारची बॅग आणि 'आज पुढे?' हा प्रश्न, या दोनच गोष्टी उरतात. त्या लहान आहेत, पण प्लगने त्यांचा उलगडा होत नाही. अकरा आठवडे हातभर अंतरावर बसलेल्या दोन माणसांमध्ये इतके तरी निर्माण होतेच, हे काकांच्या प्रश्नावर मी लिहिलेच आहे. त्याहून पुढे काही आहे का, हे बसण्याच्या जागेवरून आता अधिक कळणार नाही. तिथून पुढे विचारावेच लागते.

दिंडोरीची_बाई
विचारायचे असेल तर 'माझ्याशेजारी का बसता' असे विचारू नका हो ताई, समोरचा ओशाळतो. 'या खुर्चीवर का बसता' असे विचारा.

रानजाई
बाई, काल अगदी तुमच्याच शब्दांत विचारले. तास संपला होता, ते तार गुंडाळत होते. म्हटले, "तुम्ही नेहमी याच खुर्चीवर का बसता?"

ते म्हणाले, "सुरुवातीला चार्जिंगसाठी बसलो." मग तार बॅगेत ठेवून थोड्या वेळाने म्हणाले, "आता पॉवर बँक घेतली आहे, महिना झाला. पण सवय झाली."

कशाची, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी उठून त्यांना वाट दिली.

मधुघट
पॉवर बँक घेऊन महिना झाला? मग मागच्या शनिवारी चार्जर कशासाठी पुढे केला होता?

रानजाई
मधुघट, हे मला घरी पोहोचल्यावर सुचले. शनिवारी कळले तर लिहीन.